मल्टिकुकरचं Burn आणि माझी रिंग

इकडे अमेरिकेत आल्यावर ६ क्वार्टचा मल्टिकुकर, म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर घेतला, वर्षभर मस्त चालला आणि मग एका रात्री मसालेभातात डिस्प्लेवर Burn. उघडून बघते तर वर तांदूळ कच्चा आणि तळाला काळा थर. मला वाटलं पाणी कमी पडलं, खरवडून अजून पाणी घातलं, परत लावला तर आता NoPr, म्हणजे प्रेशरच नाही. शेवटी भात गॅसवर पातेल्यात शिजवला. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, शिट्टीच नाही तर तुला कळतं तरी कसं गं!

दुसऱ्या दिवशी भांडं घासून नुसतं ३ कप पाणी घातलं आणि ५ मिनिटं लावली, कारण पाण्यात करपण्यासारखं काहीच नाही, तरीही प्रेशर आलं नाही तर दोष मसाल्याचा नाही ना. आणि नाहीच आलं. झाकणावर प्रेशर आलं की वर येणारी पिन असते, तिच्या भोकातून सुरुवातीला थोडी वाफ येते ती नॉर्मल, पण इथे झाकणाच्या डाव्या कडेने फुसफुसत होतं आणि पिन खालीच. गार झाल्यावर झाकण उलटं केलं, तर सिलिकॉनची रिंग एका जागी तारेच्या कड्यावर चढलेली, धुतल्यावर मीच घाईत बसवली होती. रिंग कड्याच्या मागे सगळीकडून सारखी दाबून बसवायची, मग हाताने फिरवून बघायची, थोडा जोर लावून फिरली पाहिजे, कुठे फुगवटा नको. नीट बसवून परत पाणी लावलं तर थोड्या वेळात पिन टक्कन वर आणि फुसफुस बंद. म्हणजे वाफ कडेने निघून जायची, प्रेशर यायचं नाही आणि होतं ते थोडं पाणी आटून तळ तापायचा, Burn आणि NoPr दोन्ही त्याच रिंगमुळे.

तरी पुढच्या भाताला परत Burn! आता रिंग ठीक होती, पिन पण वर आली होती. मग पुस्तक काढून वाचलं, ६ क्वार्टला कमीत कमी ३७५ मिली पाणी लागतं, त्यांच्या भाषेत दीड कप. मी दीड कपच घालत होते, पण कुकरसोबत आलेल्या प्लास्टिकच्या कपाने आणि तो तांदळाचा कप फक्त १८० मिलीचा, म्हणजे जेमतेम २७० मिली, त्यातही तांदूळ पिऊन टाकणार. वर फोडणीचा मसाला तळाला चिकटलेला. आता फोडणी झाली की बंद करून अर्धी वाटी गरम पाणी घालते आणि लाकडी उलथण्याने तळ स्वच्छ खरवडून घेते, तळ गुळगुळीत लागला की मगच तांदूळ.

एकाच कपाचा साधा भात असेल तर ३७५ मिली पाणी थेट घातलं तर गिच्चगोळा होतो, म्हणून मी खाली तेवढं पाणी, वर स्टँड, त्यावर स्टीलच्या डब्यात तांदूळ आणि त्याचं वेगळं मोजलेलं पाणी, अगदी आईच्या कुकरसारखं.