चोपन्न शब्दांचे अठ्ठावन्न

"मॅडम, सोपं करायचं म्हणजे कमी करायचं ना? मग तुम्ही सोपा केलेला परिच्छेद तेवढाच लांब कसा राहतो? पाणी घालता का?"

पाणी घालत नाही. पण शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर एका परिच्छेदावरच देता येईल. लालबागच्या एका मंडळाच्या स्मरणिकेत गिरणगावावर चार पानं द्यायची होती. पीएचडी करणाऱ्या एका मुलीने आपल्या प्रबंधातला मजकूर दिला आणि तो सोपा करायचं काम माझ्याकडे आलं. पानांची मांडणी आधीच झालेली, प्रत्येक परिच्छेदाची चौकट ठरलेली. मांडणी करणाऱ्या मुलाने बजावलं, "काकू, शब्द चार इकडे-तिकडे चालतील, त्याहून नाही." तेव्हा लांबी तेवढीच ठेवणं ही माझी हौस नव्हती, अट होती. परिच्छेद असा होता (तिच्या परवानगीने देते आहे):

"मुंबईतील गिरणी-जमिनींच्या पुनर्विकास प्रक्रियेच्या संदर्भात विचार करता असे निदर्शनास येते की, १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ अन्वये अभिप्रेत असलेल्या त्रिभाजनात्मक वाटप-सूत्राच्या २००१मध्ये करण्यात आलेल्या पुनर्व्याख्येच्या परिणामस्वरूप सार्वजनिक हेतूंसाठी उपलब्ध होऊ शकणाऱ्या भूक्षेत्रात लक्षणीय स्वरूपाची घट घडून आल्याचे, तसेच तत्कालीन श्रमिक समुदायाच्या निवासविषयक अपेक्षांच्या पूर्ततेच्या शक्यता काही अंशी संकुचित झाल्याचे म्हणता येणे शक्य आहे."

चोपन्न शब्द, एक वाक्य. माझे सासरे परळच्या गिरणीत साचेखात्यात होते, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना वाचायला दिला. तिसऱ्या ओळीवर थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे आमच्याबद्दल आहे का?"

मी पेन्सिल घेऊन बसते तेव्हा आधी क्रियापदं शोधते. इथे वाक्य पुरं करणारी दोनच सापडली, "येते" आणि "आहे", आणि दोन्ही काही सांगत नाहीत. जे घडलं ते सगळं नामांत कोंबलंय: पुनर्व्याख्या, घट, पूर्तता. मग ती नामं एकमेकांना बांधायला "च्या" लागतो. मोजले तर आठ "च्या" निघाले. मराठीत विशेषणं नामाच्या आधी येतात आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. त्यामुळे अशा वाक्यात वाचणाऱ्याला सगळं ओझं डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत चालावं लागतं आणि तिथे पोचल्यावर हाती काय येतं, तर "शक्य आहे".

मग नुसतं वेष्टण काढायचं. "संदर्भात विचार करता असे निदर्शनास येते की", "अभिप्रेत असलेल्या", "करण्यात आलेल्या", "स्वरूपाची", "घडून" आणि शेवटचं "म्हणता येणे शक्य आहे". हे सतरा शब्द गेले तरी अर्थाला ओरखडा येत नाही. उरलेली नामं सोडवली की हातात एवढंच राहतं:

"१९९१च्या नियम ५८मधल्या वाटपाच्या सूत्रात २००१मध्ये बदल झाला, त्यामुळे गिरण्यांच्या जमिनीतला लोकांचा वाटा बराच घटला आणि कामगारांना घर मिळण्याची शक्यता काहीशी कमी झाली."

तेवीस शब्द. "सोपं म्हणजे कमी" असं म्हणणारे बहुतेक जण इथे पेन्सिल खाली ठेवतात. पण हे पुन्हा सासऱ्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी ओळीने तीन प्रश्न विचारले. कसलं सूत्र? कुणी बदललं? कुठल्या कामगारांना? एकाचंही उत्तर त्या तेवीस शब्दांत नव्हतं. मूळच्या चोपन्नातही नव्हतं, फक्त तिथे ते नसल्याचं कळत नव्हतं. वाक्य छोटं झालं, वाचायला सोपं झालं, कळायला मात्र तेवढंच अवघड राहिलं. चौकटीत माझ्याकडे आता तीसेक शब्दांची जागा मोकळी होती. ती या तीन उत्तरांसाठी वापरायची, एवढंच माझं काम.

मुलीला परळला एका हॉटेलात चहाला बोलावलं. वही बंद करायला लावली आणि विचारलं, "अगं, त्रिभाजन म्हणजे काय केलं नेमकं?" ती धडाधड बोलायला लागली. "मॅडम, गिरणीची जमीन विकसित करायची तर मालकाने तिचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, बागा आणि मोकळ्या जागांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. एक मालकाला. अगदी सारखे नाही, जमिनीच्या आकाराप्रमाणे थोडे कमी-जास्त." बोलताना तिला कर्ता होता, क्रियापद होतं, हातवारेही होते. लिहिताना या सगळ्याचं "त्रिभाजनात्मक वाटप-सूत्र" झालं. तिचं बोलणं मी बिलाच्या मागे उतरवून घेतलं. निम्मा परिच्छेद तिथेच लिहून झाला.

"आणि बदललं कुणी?" राज्य सरकारने. हे दोन शब्द मूळ परिच्छेदात कुठेच नाहीत. "करण्यात आलेल्या" म्हटलं की कर्ता गायब होतो. सरकारी पत्रांत वाचून वाचून ही सवय लागते आणि मुलांना वाटतं, कर्ता लिहिला की निबंध प्रबंधासारखा दिसत नाही.

"तत्कालीन श्रमिक समुदाय" या शब्दांवर मात्र ती अडकली. तत्कालीन म्हणजे कधीचे? २००१ साली गिरणीत असलेले, की १९८२च्या संपात ज्यांचं काम गेलं ते? तिच्या मनात संपातलेच होते, पण तीन वर्षं ती "तत्कालीन" लिहीत होती आणि मार्गदर्शकांसकट कुणी विचारलं नव्हतं. जड शब्दाची हीच सोय असते, त्याच्या आड लिहिणाऱ्यालाही स्वतःला काय म्हणायचंय ते ठरवावं लागत नाही. सोप्या भाषेत ते ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही.

आता माझी चूक सांगते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, "२००१नंतर फक्त मोकळ्या जमिनीचेच वाटे होऊ लागले." मला वाटलं, झकास, शाळेतल्या पोरालाही कळेल. मुलीने वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, 'मोकळी जमीन' म्हणजे काय, यावरूनच तर कोर्टात गेलं होतं!" गिरणी पाडल्यावर जी जमीन मोकळी होते तीही धरायची, की आधीपासून जिच्यावर बांधकामच नव्हतं तेवढीच? २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पहिला अर्थ घेतला, २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून दुसरा अर्थ कायम केला. गिरण्यांच्या बहुतेक जमिनीवर शेड आणि इमारती होत्या, त्यामुळे दोन अर्थांत कित्येक एकरांचा फरक पडत होता. मी वापरलेला शब्द सोपा होता आणि नेमका त्यात सगळा तंटा दडलेला होता. "आधीपासून" हा एक शब्द घालून तो सुटला. जड शब्दाकडे आपण संशयाने बघतोच. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र कायद्यात किंवा शास्त्रात वेगळ्या मापाने वापरला जात असेल, तर तो तसाच निसटतो.

शंका दाखवणाऱ्या शब्दांचंही नीट बघावं लागतं. मूळ परिच्छेदात ते दोन ठिकाणी होते, "काही अंशी" आणि "म्हणता येणे शक्य आहे". दोन्ही सारखे दिसतात, पण नाहीत. जमीन घटल्याचे आकडे मुलीकडे होते. तिथे "शक्य आहे" म्हणणं म्हणजे नुसती भीती, ते काढलं. घरांविषयी मात्र तिच्याकडे थोड्याच कुटुंबांच्या मुलाखती होत्या, म्हणून तिथला "काही अंशी" खरा. तो "काहीशी" होऊन राहिला. सोपं लिहिताना हात सैल सुटतो. माझ्याच एका खर्ड्यात "सरकारने कामगारांची घरं हिरावली" असं वाक्य उतरलं होतं. वाचायला जोरदार, पण तिने ते कुठेच म्हटलं नव्हतं. दावा मूळपेक्षा मोठा झाला की ते सोपं करणं राहत नाही, दुसरंच काही लिहिणं होतं.

शेवटी स्मरणिकेत गेलं ते हे:

"मुंबईच्या गिरण्यांची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण सारखे तीन वाटे करावे लागत: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. हा १९९१च्या नियमावलीतला नियम ५८. २००१मध्ये राज्य सरकारने तो बदलला आणि आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचेच वाटे होऊ लागले. इमारतींखालची जमीन मालकाकडे राहिली. त्यामुळे लोकांच्या वाट्याची जमीन बरीच घटली. १९८२च्या संपात काम गेलेल्या कामगारांना घर मिळण्याची शक्यताही काहीशी कमी झाली."

अठ्ठावन्न शब्द, सहा वाक्यं. शब्द चार वाढले, पण आखूड झाले, त्यामुळे चौकटीत बसलं. "नियम ५८", "म्हाडा", "वाटे" हे शब्द ठेवले, कारण ज्याला पुढे शोधायचंय त्याला तेच लागतील. "बागा आणि मोकळ्या जागांसाठी" हे जागेअभावी सोडलं, त्याची थोडी रुखरुख आहे.

तपासणी दोन्ही बाजूंनी करते. मुलीला विचारलं, "यात तू न म्हटलेलं काही आहे का? म्हटलेलं काही गेलं का?" "पुनर्विकास प्रक्रिया" गेली म्हणाली, मग स्वतःच हसली. सासऱ्यांना मात्र "समजलं का" असं विचारत नाही, कारण त्याला सगळे "हो" म्हणतात. कागद काढून घेते आणि म्हणते, "अण्णा, काय लिहिलंय ते सांगा." त्यांनी सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "म्हणजे शेडखालची जमीन मालकाचीच राहिली. आमच्या गिरणीत तर सगळी शेडच होती."

प्रत्येक परिच्छेदाला हे जमतं असं नाही. त्याच मजकुरात शेवटी एक होता, "उपरोक्त विवेचनाच्या आधारे सदर विषयाचे बहुआयामी, बहुस्तरीय व गुंतागुंतीचे स्वरूप प्रकर्षाने अधोरेखित होते" अशा चालीचा, पाच ओळी. वेष्टण काढलं तर आत "या विषयाला अनेक बाजू आहेत" एवढं निघालं. कुठल्या बाजू, म्हणून विचारलं, तर त्या आधीच्या पानांवर येऊन गेल्या होत्या. चौकट भरायला माझ्याकडे काही नव्हतं. मांडणीवाल्या मुलाला फोन केला, "इथे गिरणीच्या चिमणीचा फोटो टाक."