आमची वाटचाल : तीस टक्क्यांची तीन वर्षं

फोंड्यात आमचा धंदा म्हणजे मी, माझा आतेभाऊ, दोन कॅमेरे आणि एक मिक्सर. लग्न-मुंजीची कामं तर होतीच, पण आम्हाला खरी गोडी जत्रेतल्या नाटकांची आणि भजनांची. गावचेच लोक महिनाभर तालीम करून मराठी नाटक उभं करतात, ते आम्ही चित्रित करायचो आणि यूट्यूबवर टाकायचो. चॅनल हळूहळू चालू लागलं आणि त्यासोबत कॉपीराइटचे क्लेमही येऊ लागले.

एका सप्ताहाच्या भजनावर एकाच आठवड्यात चार क्लेम आले. त्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींचे पैसे क्लेम करणाऱ्यांकडे जाऊ लागले. नेमका तेव्हाच एका मल्टी-चॅनल नेटवर्कचा, म्हणजे अनेक चॅनल आपल्याला जोडून घेणाऱ्या कंपनीचा, फोन आला : क्लेम आम्ही बघतो, ब्रँड आम्ही आणतो, तुम्ही फक्त व्हिडिओ करा. यूट्यूब स्टुडिओत चॅनल जोडायचं आमंत्रण आलं, आम्ही ‘स्वीकारा’ दाबलं. सोळा पानांच्या करारातली चार पानं वाचली असतील.

आता पैशांचं सांगतो. साध्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींतून यूट्यूब चॅनलला 55 टक्के देतं. नेटवर्कचे 30 टक्के आपल्या या वाट्यातून जातात, यूट्यूबच्या नव्हे. चांगल्या महिन्यात आमच्या वाट्याला 36,000 रुपये येत. त्यातले 10,800 नेटवर्कला, उरलेल्या 25,200 वर दहा टक्के टीडीएस, हातात 22,680. टीडीएस विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो, तो काही बुडीत नव्हे, पण रोजच्या खर्चाला तो पैसा हाताशी नसतो. शिवाय यूट्यूब मागच्या महिन्याचे पैसे 21 ते 26 तारखेच्या दरम्यान सोडतं. ते आधी नेटवर्ककडे जात आणि आमच्याकडे आणखी दीड महिन्याने येत.

आणि क्लेमचं काय झालं? अभंग तुकोबांचा, म्हणून शब्दांवर कुणाचा हक्क नाही, हे खरं. पण चाल जर आजच्या काळातल्या संगीतकाराने बांधलेली असेल, तर क्लेम योग्यच असतो. कंटेंट आयडी, म्हणजे असे क्लेम आपोआप लावणारी यूट्यूबची यंत्रणा, नुसती सुरावटही ओळखतं. चारपैकी दोन क्लेम असेच होते, तिथे नेटवर्कलाही काही करता आलं नाही. उरलेले दोन पारंपरिक चालींवरचे, म्हणजे चुकीचे. त्यांच्यासाठी लागणारा ‘डिस्प्युट’ आपणच घालू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात, नाही दिलं तर क्लेम आपोआप सुटतो. पाच दिवसांच्या आत डिस्प्युट घातला, तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत राखून ठेवली जाते. नेटवर्ककडे तक्रार टाकून तिकीट नंबराची वाट बघण्यात आमचे हेच पाच दिवस निघून जात.

चतुर्थीला आमच्या बाजारातल्या कापड दुकानदाराने व्हिडिओसाठी 15,000 दिले. वहिनी त्यांच्या ओळखीच्या, चहा पिता पिता ठरलेलं काम. महिनाभराने नेटवर्कने 20 टक्के, म्हणजे 3,000 मागितले. करारात ‘चॅनलवरील सर्व व्यावसायिक सहकार्य’ असं लिहिलं होतं; ते कुणी आणलं याला काही महत्त्व नव्हतं. तीन वर्षांत त्यांनी स्वतः आणलेले ब्रँड दोन.

निघायचं ठरवलं तेव्हा मुदत संपायला महिना उरला होता. मी व्हॉट्सॲपवर कळवलं, तिकडून अंगठा आला. करारात मात्र होतं : साठ दिवस आधी, ठरलेल्या ईमेलवर लेखी नोटीस, नाहीतर आणखी एक वर्ष. यूट्यूबकडे गेलो तर उत्तर आलं की हा तुमचा आणि नेटवर्कचा करार, सुटका त्यांच्याकडूनच मागा. दोन वर्षांची अशी तीन झाली.

नेटवर्क कुणालाच नको, असं मी म्हणणार नाही. तुमच्या रेकॉर्डिंगचे तुकडे कापून शेकडो लोक टाकत असतील, तर नेटवर्कमार्फत मिळणारं कंटेंट आयडी उपयोगी पडतं, कारण ते एकट्या-दुकट्या चॅनलला सहसा मिळत नाही. आमची चोरी मात्र बहुतेक अख्ख्या नाटकाची असते, आणि ती स्टुडिओतलं कॉपीराइट मॅच टूल फुकटात दाखवतं. गिऱ्हाईक फोंडा, डिचोली, पेडण्यातलं. त्यांच्यापर्यंत पोचायला मुंबईचा माणूस कशाला हवा?

गेल्या वर्षी एका छोट्या एजन्सीशी पुन्हा बोलणी झाली. या वेळी आतेभावाने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. चॅनल जोडायचं नाही. त्यांनी आणलेल्या कामावरच 15 टक्के, जाहिरातींच्या कमाईला हात नाही. रेकॉर्डिंगचे हक्क आमचेच, ब्रँडला फक्त ठरलेल्या मुदतीची परवानगी. आपोआप नूतनीकरणाचं कलम त्याने पेनाने खोडलं आणि बाजूला दोघांच्या सह्या घेतल्या. करार अडीच पानांचा झाला.