चार ते सहा

भाचा सुट्टीवर आला की रात्रीची जेवणं झाल्यावर अंगणात खाट टाकून पडतो आणि नुसता वर बघत राहतो. या खेपेला मी विचारलंच. तर हसला. म्हणाला, "मामा, तिकडं एका चांदणीपायी मी सगळी चौकी उठवणार होतो."

लडाखमधला त्याचा पहिलाच हिवाळा होता. चौकी १४ हजार फुटांवर. तिचं नाव त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. संत्री ड्यूटी दोन-दोन तासांची आणि नव्या पोराच्या वाट्याला आली चार ते सहा. बुखारी शेगडीची ऊब सोडून पहाऱ्याच्या खंदकात जाऊन उभं राहायचं. दुसरा संत्री चौकीच्या पार त्या टोकाला. बोलायला कुणी नाही, आणि बोललं तरी मिशीवर बर्फ धरतो.

आल्या आल्या काही दिसत नाही म्हणे. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात कुणी पांढरी बॅटरी लावली, की पुन्हा पहिल्यापासून. त्यात तिथली हवा विरळ. प्राणवायू कमी पडला की बाकी काही जाणवायच्या आधी रात्रीची नजर मंदावते. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे अंधुक दिसणाऱ्या वस्तूकडं रोखून बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. डोळ्यातल्या पडद्याचा मधला ठिपका दिवसा सुईत दोरा ओवायला उपयोगाचा, पण अंधारात तो आंधळाच. कडेच्या भागाला अंधारात दिसतं. आमच्याकडं भुताबद्दलही हेच सांगतात, टक लावून बघितलं की नाहीसं होतं. भुताचा उलगडा इतका स्वस्तात होईल असं मला वाटलं नव्हतं.

तर त्या पहाटे पावणेपाचच्या सुमाराला पूर्वेच्या धारेवर एकदम एक दिवा लागला. हळूहळू वर आला नाही, लागलाच. चांगला ठसठशीत, मध्येच लाल, मध्येच हिरवा. पोरगं टक लावून बघत राहिलं, तसा तो हलायलाही लागला. जरा डावीकडं, जरा वर. पलीकडची हद्द त्याच बाजूला. अशा वेळी ड्रोनशिवाय दुसरं काय सुचणार? त्यानं फोन उचलला आणि गार्ड कमांडरला कळवलं.

हवालदारसाहेब सांगलीकडचे. ते आले, बघितलं, आणि म्हणाले, "आधी तो पिकेट गाठ." तारेच्या कुंपणाचा लोखंडी पिकेट. त्याला डोकं टेकवल्यागत एका जागी उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि दिवा पिकेटच्या टोकावर धरायचा. काळ्याभोर अंधारात एकट्या उजेडाकडं बघत राहिलं, की जागचा न हललेला उजेडही हलल्यासारखा वाटतो. शेजारी काही पक्कं धरलं की तो भास थांबतो. तसा तो थांबला. मग साहेबांनी दिव्याच्या वरची एक बारीक चांदणी दाखवली. "आता दोघींचं अंतर बघ. घाई नाही."

चाळीस मिनिटं गेली. हात लांब करून मूठ धरली तर आभाळात साधारण दहा अंश झाकले जातात, आणि आकाश तासाला पंधरा अंश फिरतं. दिवा मूठभर सरकला होता. वरची चांदणीही मूठभरच सरकली होती. दोघींमधलं अंतर जिथल्या तिथं. उंच चढल्यावर लाल-हिरवं चमकणंही गेलं. डोंगराआडून निघालेली ती शुक्राची चांदणी होती. धार उंच, म्हणून दिसली तीच एकदम. आणि क्षितिजालगतच्या जाड हवेतून येताना तिचा उजेड फुटून रंगीत दिसत होता.

पोरगं शरमलं. पण शरमायचं कारण नव्हतं. २०१२च्या ऑगस्टपासून २०१३च्या फेब्रुवारीपर्यंत पँगाँग सरोवराच्या बाजूला आपल्या जवानांनी अशा अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या होत्या. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं गेलं. ताऱ्यांच्या मानानं ते दिवे कसे सरकतात हे तपासल्यावर निघाले गुरू आणि शुक्र. लोक हसले तेव्हा. मला मात्र त्या नोंदी घेणाऱ्यांचं कौतुक वाटतं. डुलकी घेणाऱ्याला गुरू दिसत नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा माझी आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. वय झालंय, पण कान शाबूत.

"ड्रोन म्हणजे रे काय? लग्नात फोटो काढायला उडवतात ते?"

"हो आजी."

"आणि चांदणी बघून तू साहेबाला फोन लावलास?"

तो गप्प.

"मी जात्यावर बसायचे तिला बघून," आई म्हणाली आणि अंथरूण घालायला आत गेली.