तुम्ही विचारलेत म्हणून: त्या एका मिनिटाची तयारी

"नाव सांगायचं, धंदा सांगायचा आणि बसायचं. त्या एका मिनिटासाठी कागद-पेन घेऊन कसली तयारी करता?"

दर आठवड्याला सकाळी भरणाऱ्या आमच्या व्यावसायिकांच्या सभेत प्रत्येकाला ओळख करून द्यायला एक मिनिट मिळते, त्याबद्दल तुम्ही हे विचारलेत. नाव आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला पत्ता पाच-सहा सेकंदांत संपतो. धातू ओतणाऱ्या फाउंड्रीवाल्यांपुढे मी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायची प्रतिकृती, बनवतो एवढे म्हटले की पुढचे बोलणे आपोआप सुरू होते. या सभेत मात्र सीए, वकील, केटरर, दंतवैद्य आणि विमा सल्लागार बसलेले असतात आणि त्यांच्यापैकी एकालाही आयुष्यात कधी पॅटर्न विकत घ्यावा लागणार नाही. लागला तर तो त्यांच्या ओळखीतल्या कोणालातरी लागेल. म्हणजे ज्याला माझे काम कळत नाही त्याच्या हाती, तिसऱ्या माणसापर्यंत न बिघडता पोहोचेल असा निरोप मला द्यायचा असतो, आणि तो उभे राहिल्यावर सुचत नाही.

पूर्वी मीही म्हणत असे की काम चोख असले की बोलावे लागत नाही. आजही मला ते पूर्ण चुकीचे वाटत नाही, कारण शिरोलीतले माझे जुने ग्राहक कोणत्याही सभेतून आलेले नाहीत. पण एका सकाळी, पोह्यांची बशी हातात असताना, शेजारी बसणाऱ्या विमा सल्लागाराने सहज सांगितले की त्यांच्या साडूंच्या पंपाच्या कारखान्यात कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, पुन्हा पुन्हा रिजेक्ट होत होते, जुना लाकडी पॅटर्न पावसाळ्यात ओल धरून वाकला होता आणि शेवटी त्यांनी पुण्याहून नवीन करून आणला. मी विचारले, "अहो, मग मला का नाही सांगितलंत?" ते प्रामाणिकपणे गोंधळले आणि म्हणाले, "तुम्ही कंपन्यांना फर्निचर करता ना?" दर आठवड्याला मी सागवान, अ‍ॅल्युमिनियम, रेझिन, कोअर बॉक्स, मॅचप्लेट अशी यादी म्हणत होतो आणि पुढे वाजवी दर, वेळेवर डिलिव्हरी हे जोडत होतो. त्या यादीतला त्यांच्या ओळखीचा शब्द सागवान हा एकच असल्यामुळे तेवढाच त्यांच्या लक्षात राहिला. दर आणि डिलिव्हरी तर त्या खोलीतला प्रत्येक जण सांगतो. राग त्यांच्यावर धरावा की त्या यादीवर, हे माझे अजून ठरलेले नाही. ऐकणाऱ्यानेही थोडे कष्ट घ्यावेत, असे मला वाटतेच.

त्यानंतर मी ओळख उलट्या बाजूने लिहायला घेतली. साडू घरगुती कार्यक्रमात जेवताना नेमके काय बोलले असतील, तिथून सुरुवात केली. ते "मला पॅटर्नमेकर हवा आहे" असे म्हणणार नाहीत, ते रिजेक्शनबद्दल कुरकुर करतील. म्हणून मी लिहिले, "कोणी कास्टिंग रिजेक्ट होतंय म्हणालं, तर मला फोन करा." सभेतल्या एका फाउंड्रीवाल्याने लगेच हटकले की प्रत्येक दोष पॅटर्नचा नसतो, आणि ते खरेच होते. वाळूतल्या ओलीने पडणारी छिद्रे कधी इथे तर कधी तिथे दिसतात. एकाच जागी, प्रत्येक नगात तोच दोष दिसला, तर मात्र आधी पॅटर्न तपासावा लागतो. आता माझा मजकूर असा आहे:

"नमस्कार. पंपाचा, व्हॉल्व्हचा लोखंडी भाग वाळूच्या साच्यात ओततात. तो साचा उठवायला आधी त्या भागाची प्रतिकृती लागते, ती मी बनवतो. तुमच्या ओळखीत कोणी म्हणालं, 'प्रत्येक नगात एकाच जागी माल कमी पडतोय, मशिनवर साफ होत नाही,' तर त्यांना माझा नंबर द्या. या आठवड्यात मला गोकुळ शिरगावात पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागातल्या माणसाची ओळख हवी आहे."

हे सावकाश वाचायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि उरलेला वेळ मी एका ताज्या कामाच्या गोष्टीसाठी ठेवतो. ती गोष्ट शेवटी असते, कारण मिनिट संपल्याची घंटा शेवटच्या वाक्यावर पडते आणि मागणी तिच्याखाली सापडता कामा नये. मागणी दर आठवड्याला बदलतो. "कोणीही चालेल" म्हटले की ऐकणाऱ्याला कोणीच आठवत नाही.

यात माझ्या आवडीचे एक वाक्य गळाले. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून 300 मिलिमीटरच्या कास्टिंगसाठी पॅटर्न 303 मिलिमीटरचा करावा लागतो, आणि आमची सारी कारागिरी त्या तीन मिलिमीटरांत असते. घरचे म्हणतात, तेच सांगा, तेच ऐकण्यासारखे आहे. विमा सल्लागारांचे म्हणणे आहे की त्यांना साडूंचे वाक्य पुरे. मी अधूनमधून 303 परत घालतो, आणि त्या दिवशी ताज्या कामाची गोष्ट अर्ध्यावर असताना घंटा वाजते.