फळा पुसतो कोण?

“मुलाच्या अडचणीबद्दल तुम्ही वर्गशिक्षिकांना ईमेल लिहिलात, त्यात असं काय लिहिलंत की त्यांना राग आला नाही?”

पहिल्या मसुद्यात राग येण्यासारखे बरेच काही होते. मुलगा तेव्हा चौथीत होता, वहीत रोज निम्मेच उतरवलेले असे आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या त्याच्या मित्राकडून वही मागून आणावी लागे. “फळा लवकर पुसला जातो” हे वाक्य मला निरुपद्रवी वाटले होते, पण पत्नीने ते वाचून विचारले, “पुसतो कोण?” कर्ता लपवला, तरी दोष बाईंकडेच जात होता.

तो मसुदा बाजूला ठेवून आम्ही आठवडाभर घरीच पाहिले. भिंतीवर टांगलेल्या पाटीवरच्या 6 ओळी उतरवायला त्याला 22 मिनिटे लागली. तेवढाच दुसरा मजकूर वहीशेजारी ठेवला, तेव्हा 9. जोडाक्षर आले की तो दोन-तीनदा वर पाही आणि नजर खाली येईपर्यंत ओळ चुके. डोळेही तपासून घेतले. चष्म्याची गरज नव्हती. मग विषयाच्या जागी “इयत्ता चौथी : फळ्यावरून लिहून घेताना येणारी अडचण” असे घालून पुढील मजकूर पाठवला.

“आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. फळ्यावरचा मजकूर उतरवताना मुलाला अडचण येते, असे आम्हाला घरी दिसले. (इथे वरची निरीक्षणे होती.) वर्गात आपल्याला काय दिसते, हे जाणून घ्यायचे आहे. तो सर्वच विषयांत मागे राहतो की काही विषयांतच? त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहणे शक्य होईल का? आपल्या सोयीने 15 मिनिटे भेटता आले, तर आम्ही दोघेही येऊ.”

अध्ययन अक्षमता हा शब्द मी मुद्दाम टाळला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे हे मला ठाऊक होते, पण निदान तज्ज्ञांनी करायचे असते आणि पहिल्याच पत्रात कायदा आला की समोरचा माणूस उत्तराऐवजी बचाव लिहितो. मुलगा घरी सांगतो त्या तक्रारीही घातल्या नाहीत, कारण त्या आम्ही पाहिलेल्या नव्हत्या. मुख्याध्यापकांना प्रत पाठवण्याचा मोह झाला होता, तोही आवरला. तसे केले असते, तर ती तक्रारच ठरली असती.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. गणिताची उदाहरणे तो वेळेत उतरवतो, मराठी आणि परिसर अभ्यासातच मागे राहतो, असे बाईंनी लिहिले होते. अंक उतरतात आणि जोडाक्षरे अडतात, हे आम्हाला घरी कधीच कळले नसते, कारण आम्ही पाटीवर गणित लिहिलेच नव्हते.