सुप्याचा दंगा वाचताना: सरकारी अहवाल तपासण्याचा माझा अनुभव

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या आठवडे बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे लुटली, हिशेबाच्या वह्या आणि कर्जाचे रोखे हाती घेऊन जाळले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हे लोण पसरले. दख्खनच्या दंग्यांविषयी लिहायला बसले की हाताशी येणारी मुख्य साधने दोन. एक म्हणजे सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल, आणि दुसरे म्हणजे जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८५ साली निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर. दोन्ही सरकारी आहेत. पण हे कळले म्हणून काम संपत नाही, कारण सरकारी कागद सरसकट खोटा धरला तर त्यातली खरी माहितीही हातची जाते.

मी पहिले पाहतो ते आयोगाला दिलेले काम. निष्कर्ष नंतर वाचतो. सरकारी साऱ्याची मागणी हे दंग्याचे कारण होते का, हे ठरवून सांगा, असे या आयोगाला बजावले होते. म्हणजे ज्याने सारा ठरवला, त्यानेच चौकशी नेमली आणि त्याच साऱ्याबद्दल विचारले. उत्तर आले ते असे, की सारा कारण नाही, सावकार आणि कर्जाचा व्यवहार कारण आहे. या उत्तरावरून निघालेला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदाही तसाच आहे. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज आणि व्याज तपासायची मुभा दिली, साऱ्याला मात्र हात लावला नाही. अहवालाने कुठे बोट ठेवले आणि त्यानंतर कायदा कशाला शिवला नाही, हे शेजारी ठेवले की अहवालाचा रोख स्पष्ट दिसतो.

अवघड भाग इथून पुढे सुरू होतो. आयोगाचे म्हणणे निव्वळ मतावर उभे नाही, आकड्यांवर उभे आहे. सारा जड असता तर थकबाकी दिसली असती, असा हा युक्तिवाद. वसुलीचे तक्ते उघडले की बहुतेक वर्षी मागणी आणि जमा जवळजवळ सारखी दिसते, आणि नवशिका वाचक तिथेच थांबतो.

मी तक्त्याला एक साधा प्रश्न विचारतो: हा रकाना कोणाला, कशासाठी हवा होता? मामलेदाराला खजिन्यात पैसा आला की नाही एवढेच कळवायचे होते. पैसा कोणाच्या खिशातून आला, हे कळवायला रकानाच नव्हता. हप्त्याची तारीख आणि माल विकून रोकड हाती येण्याची वेळ जुळली नाही, तर शेतकरी सावकाराकडून पैसे घेऊन सारा भरी. सरकारच्या वहीत तो हप्ता 'जमा', आणि सावकाराच्या वहीत तोच 'नावे'. थकबाकी नव्हती असे नाही, ती एका वहीतून उठून दुसऱ्या वहीत गेली होती. म्हणून भरलेल्या साऱ्याचा तक्ता सारा हलका असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. जड होता असेही त्यावरून म्हणता येत नाही. तो फक्त वसुलीची यंत्रणा चालली एवढेच सांगतो.

हे पक्के करायला मी मागणीच्या बाजूचा कागद शोधतो. इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ठरवलेली साऱ्याची तीस वर्षांची आकारणी लागू झाली. मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास फेरआकारणी सुरू झाली आणि दर वाढले. या वाढीच्या हिशेबात एक अडचण होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली होती, आणि १८६५ नंतर ती ओसरली, पण नवे दर त्या चढ्या काळाच्या आठवणीतच ठरले. पुढे ऑक्टोबर १८७४ मध्ये मुंबई सरकारने स्वतःच वाढीला मर्यादा घातली. तालुक्याला किंवा गावांच्या गटाला ३३ टक्के, एका गावाला ६६ टक्के, एका शेतकऱ्याच्या खात्याला १०० टक्के, याच्या वर वाढ नको. दंगा होण्यापूर्वी सुमारे सात महिने सरकारला ही मर्यादा घालावी लागली, ही गोष्ट 'सारा कारण नाही' या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचायची. दोन्ही कागद सरकारीच, पण वेगवेगळ्या कामासाठी लिहिलेले. एक बाहेरच्या जगाला उत्तर देतो, दुसरा सरकारी खात्यातल्या माणसाला हुकूम करतो. हुकूम पाळला जायला हवा असतो, म्हणून त्यात अडचण लपवता येत नाही. माझा भरवसा हुकुमावर जास्त असतो.

आयोगाच्या आतही एक सूर वेगळा होता. ऑकलंड कॉल्विन या सदस्याने साऱ्याच्या वाढीवर स्वतंत्र टिपण दिले. अहवालाचा मुख्य भाग आणि हे टिपण एकाच बांधणीत आहेत, तरी अनेक जण फक्त मुख्य भाग उद्धृत करतात. माझा सल्ला आहे की अहवाल मागून पुढे वाचावा. आधी परिशिष्टे आणि जबाब, मग मतभेदाची टिपणे, सगळ्यात शेवटी निष्कर्ष. जबाबही जपून वाचायचे. ते अधिकाऱ्यापुढे दिलेले, मराठीतून इंग्रजीत उतरवलेले, आणि प्रश्न गाळून सलग कथन केल्यासारखे छापलेले असतात. एकाच मजकुराचे वाक्य पाचसहा जबाबांत आले, तर सगळ्यांना एकच प्रश्न विचारला गेला असणार असे समजावे. 'सगळे शेतकरी हेच म्हणतात' असा निष्कर्ष तिथून काढू नये.

आता गॅझेटियर. त्याचे 'भांडवल' हे प्रकरण दंग्याची हकिगत देते, आणि आयोगाच्या निष्कर्षाला दुजोरा मिळाल्यासारखे वाटते. इथे तळटीप पाहायचीच. गॅझेटियरने आपली माहिती मोठ्या प्रमाणात जुन्या अहवालांतून, खात्याच्या निवडक कागदांतून आणि जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडून घेतली आहे. ज्या कागदावरून आयोगाने लिहिले, त्याच कागदावरून गॅझेटियरनेही लिहिले असेल, तर साक्षीदार दोन नसून एकच ठरतो. मी एक सोपी युक्ती वापरतो: एखादे विधान दिसले की त्याच्या तळटिपेतले मूळ नाव आणि साल वहीच्या समासात लिहितो. चार विधाने एकाच नावावर येऊन थांबली, की त्यांना एकच विधान मोजतो. संगणकावर शोधता येणाऱ्या प्रतींत तळटिपा कित्येकदा मजकुरात मिसळतात किंवा गळतात, म्हणून छापील पानाचे चित्र समोर ठेवावे.

सावकारांबद्दल लिहिताना दोन्ही साधने मारवाडी या शब्दावर जोर देतात. बाहेरून आलेला सावकार आणि भोळा कुणबी ही जोडी प्रशासनाला सोयीची होती, कारण तिच्यात साऱ्याला जागा नाही. कर्जाचे आकडे आले तेही न्यायालयाच्या निवाड्यांतून आणि नोंदणीच्या वह्यांतून. निवाड्यापर्यंत न पोचलेले कर्ज, धान्याच्या रूपातले उसने आणि भावकीतली देवघेव तिथे येत नाही. पुन्हा, १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली, त्यामुळे तेच कर्ज व्याज मिळवून पुन्हा नव्या रोख्यात लिहिले जाई. रोख्यांची संख्या वाढलेली दिसली म्हणून कर्जे तेवढी वाढली असे धरले की गणित चुकते. एका कर्जाचे तीन रोखे असू शकतात.

उरतात ती माणसे, ज्यांच्यासाठी रकानाच नव्हता: दुसऱ्याचे शेत वाट्याने करणारे, मजूर, बलुतेदार, आणि घर चालवणाऱ्या बायका. सारा खातेदाराकडून यायचा, म्हणून नोंद खातेदाराची. त्यांच्यासाठी मी वेगळीकडे शोधतो: पुणे सार्वजनिक सभेच्या लेखनात, जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये, आणि देशी वर्तमानपत्रांच्या साप्ताहिक गोषवाऱ्यांत. हे गोषवारे सरकारच्या अनुवादकांनी केलेले आहेत, आणि शक्य तिथे मूळ मराठी अंक काढूनच वापरावेत, कारण गाळलेले वाक्य गोषवाऱ्यात दिसत नाही.