आईच्या पासबुकातले ४५६ रुपये

३१ मे, रविवार

आईच्या खात्याचा मे महिना आज मिटवायला घेतला. ती गावाहून फोनवर खर्च सांगते, मी वहीत लिहिते आणि महिनाअखेर ती बँकेच्या ॲपमधल्या पासबुकाचा स्क्रीनशॉट पाठवते. काल रात्री आला. त्यात शिल्लक ४२,३३० रुपये, माझ्या वहीत ४१,२८६. म्हणजे बँकेकडे १,०४४ जास्त.

आधी स्क्रीनशॉटवरची वेळ पाहिली, रात्रीचे साडेनऊ. शिल्लक त्या घटकेची असते, त्यामुळे वहीसुद्धा तिथेच थांबवायची. त्यानंतर आईने काही काढलं नव्हतं की भरलं नव्हतं. ३० एप्रिलला मेळ बरोबर बसला होता, म्हणजे शोधायचं ते फक्त मे महिन्यातच.

फरकाचा आकडा मी आधी दोन तऱ्हांनी तपासते. निम्मा केला, ५२२. त्या रकमेची नोंद वहीत असती तर जमेची रक्कम खर्चात गेली असावी किंवा उलट, असा संशय घेतला असता, कारण बाजू चुकली की फरक दुप्पट पडतो. तशी नोंद नव्हती. मग नऊने भागलं, बरोबर ११६. नऊने नि:शेष भाग गेला की बहुतेक वेळा शेजारचे आकडे उलटसुलट लिहिलेले निघतात; ५४० चे ४५० झाले तर फरक ९० पडतो. म्हणून प्रत्येक रक्कम आकडा आकडा लावून वाचली. सगळ्या सरळ होत्या. या खुणा फरक एकाच नोंदीमुळे पडला असेल तेव्हाच खऱ्या ठरतात. दोन नोंदी एकमेकींना अर्धवट खात असतील तर उरलेली रक्कम कुणाचीच नसते, आणि नऊने भाग गेला तरी तो योगायोग असतो.

मग नेहमीची टिकांची वाट धरली. आईला फोन करून पासबुक खाली सरकवत १ मेपर्यंतचे स्क्रीनशॉट मागवले, कारण पहिल्यावर वरची शिल्लक आणि शेवटच्या चार नोंदीच होत्या. एकेक रक्कम वहीत सापडली की दोन्हीकडे पेन्सिलने टिक.

शेवटी वहीत एकच रक्कम टिकेविना राहिली, २२ मेचा १,५०० चा चेक, विहिरीवरच्या मोटरच्या रिवाइंडिंगचा. दुकानदाराने तो अजून बँकेत भरलेला नाही. मी वजा करून मोकळी झाले, पण बँकेला त्या चेकचा पत्ताच नाही. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, त्यामुळे हे पैसे आईचे समजायचे नाहीत. बँकेच्या ४२,३३० मधून ते वजा केले तर ४०,८३० उरतात, आणि वहीत आहेत ४१,२८६. आता बँकेकडेच ४५६ कमी! बँकेत जास्त दिसतंय म्हणून मी एखादी जमा राहिली का ते पाहत होते. राहिला होता तो खर्च.

मेअखेर आणि ४५६ म्हटल्यावर पासबुकाकडे वळायच्या आधीच ओळख पटली. २६ मेला दोन ओळी होत्या, PMJJBY ४३६ आणि PMSBY २०. जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, आणि हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप जातो. आईने एकदा फॉर्मवर सही केलेली असल्याने दरवर्षी तिला कुणी विचारत नाही, आणि ती मला सांगणार तरी कुठून? खर्च तिच्या हातून झालेलाच नव्हता.

"मग हे पैसे वाया गेले का गं?" तिने विचारलं. तिला सांगितलं, दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, सुरक्षामध्ये अपघाताचं. जीवन ज्योती पंचावन्नाव्या वर्षापर्यंत चालते. आई त्रेपन्नची आहे, तेव्हा ती तारीख मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली.

पण एक शंका उरलीच. तिचं दुसऱ्या बँकेतही खातं आहे. तिथेही कुणी हा फॉर्म भरून घेतला असेल तर हप्ता दोन्हीकडून जातो, विमा मात्र एकाच खात्याचा मिळतो. उद्या ती ते पासबुक छापून आणणार आहे. त्यातही ४३६ किंवा २० निघाले तर तिथल्या शाखेत आपोआप वजावट बंद करण्याचा अर्ज द्यायचा, असं ठरलं.

वहीत २६ मेच्या तारखेने दोन्ही हप्ते वेगवेगळे लिहिले. वहीची शिल्लक ४०,८३०. खाली वेगळी ओळ: न वटलेला चेक १,५००. बेरीज ४२,३३०.